पाळीचा महिना आणि नाडीचा आलेख : घड्याळातील आकडे कसे वाचावेत

मनगटी घड्याळे आणि बोटातील अंगठ्या रात्रभर नाडी मोजू लागल्यापासून वाचक भगिनींकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत वारंवार येतो. झोप पुरेशी झाली, जागरण नाही, ताप नाही, तरीही महिन्यातील काही दिवस विश्रांतीची नाडी तीन-चार ठोक्यांनी वाढलेली दिसते, HRV या अक्षरांखालचा आकडा खाली येतो, घड्याळ 'शरीरावर ताण आहे' असा इशारा देते, आणि पाळी सुरू होऊन दोन-तीन दिवस लोटले की सर्व काही आपोआप पूर्वस्थितीवर येते. तेव्हा हे हृदयविकाराचे पूर्वचिन्ह समजावे की यंत्राचा दोष? बहुतेक प्रसंगी ते या दोहोंपैकी काहीच नसते. पाळीच्या उत्तरार्धात शरीर जे करते तेच घड्याळाने टिपलेले असते. मात्र घड्याळ आजचा आकडा गेल्या आठवड्या-दोन आठवड्यांशी ताडून पाहते आणि पाळीच्या शरीराचा हिशेब आठवड्याचा नसून महिन्याचा असल्यामुळे तो इशारा बहुधा अस्थानी ठरतो. आपला आलेख आपणच महिन्याच्या मापाने कसा वाचावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

महिन्यात नेमके काय घडते

पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव मोकळेपणाने सुरू होण्याचा दिवस. आदल्या दिवशीचा नुसता डाग त्यात धरू नये. या दिवसापासून बीजविमोचनापर्यंत, म्हणजे बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंत, महिन्याचा पूर्वार्ध चालतो, आणि तेथून पुढील पाळीपर्यंत उत्तरार्ध. पूर्वार्धात, विशेषतः स्राव ओसरू लागल्यानंतरच्या दिवसांत, विश्रांतीची नाडी महिन्यातील सर्वांत खालच्या पातळीवर असते. बीजविमोचनाच्या सुमारास ती चढू लागते, उत्तरार्धाच्या मध्यापर्यंत चढतच राहते, पाळीपूर्वीच्या थोड्या दिवसांत तिची कमाल पातळी दिसते, आणि पाळी येण्याच्या आगेमागे ती उतरू लागते.

याचे कारण बीजकोशातच आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर मागे राहणारा पीतपिंड प्रोजेस्टेरोन हे संप्रेरक निर्माण करतो, आणि या संप्रेरकाचा अंमल असेपर्यंत शरीराचे तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर राहते. हृदयाची गती तापमानाबरोबर वाढते हे तर आपण तापात अनुभवतोच. शिवाय हृदयाची स्वतःची गती मूळची बरीच जास्त, मिनिटाला शंभराच्या आसपास, असते. व्हेगस या मज्जातंतूने घातलेल्या आवरामुळेच ती विश्रांतीत साठ-सत्तरवर येते. उत्तरार्धात हा आवर किंचित सैल होतो. पुढे गर्भधारणा न झाल्यास पीतपिंड आटतो, प्रोजेस्टेरोन घटते, पाळी येते, आणि तापमान व नाडी दोन्ही खाली येतात.

HRV म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांमधील अंतर किती बदलते याचे माप होय. त्याचा प्रत्यय घेण्यासाठी यंत्राची गरज नाही. शांत बसून अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवावीत आणि सावकाश दीर्घ श्वास घ्यावा; श्वास आत घेताना ठोके जवळजवळ येतात आणि सोडताना लांबतात, हे पुष्कळांना बोटाखाली स्पष्ट जाणवते. हा फेरबदल मुख्यतः व्हेगसच्याच आवराने घडतो. म्हणून तो आवर सैल पडताच नाडी चढते आणि HRV उतरतो. एकाच कारणाची ही दोन अंगे असल्याने त्यांना दोन स्वतंत्र धोक्याच्या सूचना समजू नये.

फरक किती असतो? अकरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या घड्याळांतील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नाडी सरासरीने पाचव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत कमी आणि सव्विसाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त आढळली. या चढउताराचे प्रमाण सरासरी पावणेतीन ठोक्यांच्या आसपास होते, आणि HRV मधील फरक साडेचार-पाच मिलिसेकंदांचा. ही सरासरी आहे. एखादीचा चढ जेमतेम एका ठोक्याचा असतो तर दुसरीचा पाच-सहा ठोक्यांचा, आणि दोघीही निरोगी असू शकतात.

नोंद कशी ठेवावी

एका महिन्याच्या आलेखावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. किमान तीन पाळ्यांच्या नोंदी हाती असल्याखेरीज आपली रीत कोणती आणि अपवाद कोणता हे कळत नाही. साधी वही किंवा भिंतीवरची दिनदर्शिका या कामास पुरते.

१. पाळीचा पहिला दिवस तारखेसह लिहावा व तेथून दिवस मोजावेत.

२. घड्याळ असल्यास झोपेतील नाडीची सरासरी घ्यावी. दिवसातील एखाद्या क्षणाची नाडी नव्हे. घड्याळ नसल्यास सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, चहापूर्वी आणि उठण्यापूर्वी, पूर्ण ६० सेकंद नाडी मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणल्यास एका ठोक्याच्या चुकीचे चार ठोके होतात, आणि आपण शोधत असलेला फरक तेवढाच असतो.

३. HRV चा आकडा घड्याळाकडूनच घ्यावा, पण तो RMSSD पद्धतीने काढलेला आहे की SDNN पद्धतीने, हे एकदा पाहून ठेवावे. निरनिराळी यंत्रे निरनिराळी पद्धत वापरतात; मैत्रिणीच्या किंवा आपल्याच जुन्या घड्याळाच्या आकड्याशी तुलना करून काही साधत नाही.

४. समोर एक-दोन शब्दांचा शेरा असावा: ताप, प्रवास, रात्रपाळी, उशिराचे जेवण, मद्य, उकाडा, नवे औषध. यांपैकी प्रत्येक गोष्ट पाळीइतकाच, कधी पाळीहून मोठा, चढ घडवते.

महिना संपल्यावर दोनच सरासऱ्या काढाव्यात: तिसऱ्या ते सातव्या दिवसांची एक, आणि पुढील पाळीपूर्वीच्या सात दिवसांची दुसरी. या दोहोंतील फरक हा आपला चढ. त्याखेरीज, नाडी पूर्वार्धाच्या सरासरीहून वर जाऊन सलग तीन रात्री वरच राहिली तो पहिला दिवस शोधून त्यावर खूण करावी. ही खूण पुढील सर्व वाचनाचा आधार आहे.

एक उदाहरण तपशिलाने

समजा, एकतीस वर्षांच्या एका शिक्षिकेने तीन महिने अशी नोंद ठेवली. आकडे उदाहरणादाखल योजले आहेत, परंतु आलेखाचा आकार नेहमी दिसणारा आहे.

पहिल्या महिन्यात पाळीचे चक्र २९ दिवसांचे होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसांची सरासरी नाडी ६२ आणि HRV ४६. चौदाव्या दिवसापर्यंत नाडी ६२-६३ च्या घरात राहिली; पंधराव्या दिवशी ६४ झाली व तेथून खाली आली नाही; एकोणिसाव्या दिवसानंतर ती ६६ वर स्थिरावली आणि HRV चाळीसवर आला. चोविसाव्या दिवशी घड्याळाने ताणाचा इशारा दिला, कारण त्याच्या लेखी दोन आठवड्यांपूर्वीचा ६२ हाच योग्य आकडा होता. पाळीच्या आदल्या रात्री नाडी ६५, दुसऱ्या दिवशी ६३, चौथ्या दिवशी पुन्हा ६२. या बाईंचा चढ चार ठोक्यांचा, आणि खुणेच्या दिवसापासून पुढील पाळीपर्यंतचे अंतर १५ दिवसांचे.

दुसऱ्या महिन्यात परीक्षांचे दिवस आले आणि तिसावा दिवस उलटला तरी पाळीचा पत्ता नव्हता. स्वाभाविकच दिवस राहिले असावेत अशी शंका आली व औषधांच्या दुकानातून चाचणीची पट्टी आणली गेली; ती नकारार्थी निघाली, आणि चिंता संपण्याऐवजी वाढली. वास्तविक आलेखाने उत्तर आधीच दिले होते. या खेपेस नाडी विसाव्या दिवसापर्यंत ६२-६३ वरच होती व चढ एकविसाव्या दिवशी सुरू झाला होता, म्हणजे बीजविमोचनच सहा दिवस लांबले होते. तिसाव्या दिवशी चढ अवघा नऊ दिवसांचा होता, आणि इतक्या लवकर घेतलेल्या चाचणीचे नकारार्थी उत्तर भरवशाचे नसते. पाळी चक्राचे ३५ दिवस पुरे होऊन आली, खुणेपासून बरोबर १५ दिवसांनी.

येथे या साऱ्या विषयाचे मर्म आहे. पाळी पुढेमागे होते ती बहुतांशी पूर्वार्ध लांबल्याने किंवा आखूड झाल्याने. उत्तरार्ध त्या मानाने ठरावीक, बहुधा बारा ते चौदा दिवसांच्या आसपास, असतो. म्हणून 'आज पाळीचा चोविसावा दिवस, मागल्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी नाडी किती होती?' ही तुलना अनियमित महिन्यात फसते. 'आज चढाचा दहावा दिवस, मागल्या महिन्यात चढाच्या दहाव्या दिवशी किती होती?' ही तुलना टिकते.

तिसऱ्या महिन्यात नवव्या दिवशी नाडी एका रात्रीत ६२ वरून ७३ वर गेली आणि HRV २७ वर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी कणकण व अंगदुखी सुरू झाली, ताप तीन दिवस राहिला, आणि आठवड्याच्या आत आकडे पूर्ववत झाले. आजाराचा चढ एकाएकी येतो, मोठा असतो व उतरतो. पाळीचा चढ पायरीपायरीने येतो, लहान असतो व बारा-चौदा दिवस टिकतो. हा ताप उत्तरार्धात आला असता तर ६६ च्या वर आणखी चढ दिसला असता. म्हणून उत्तरार्धात आजाराची शंका घेताना तुलना ६२ शी न करता ६६ शी करावी.

जेथे वाचन चुकते

सर्वांत घातक चूक म्हणजे या आलेखाचा उपयोग गर्भनिरोधाकरिता करणे. चढ पक्का दिसेपर्यंत स्त्रीबीज बहुधा बाहेर पडून गेलेले असते. शिवाय शुक्रजंतू स्त्रीशरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, म्हणजे गर्भधारणेस अनुकूल दिवसांचा बहुतेक भाग चढापूर्वीचा असतो. नाडी जे घडून गेले ते सांगते, येऊ घातलेल्याची वर्दी देत नाही. मूल हवे असणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे: आपले बीजविमोचन साधारण केव्हा होते हे तीन-चार महिन्यांच्या खुणांवरून कळेल, परंतु या महिन्यातील दिवस आधी ओळखण्यास लघवीतील एल.एच. तपासणारी पट्टी अधिक उपयोगी आहे.

दुसरी चूक सपाट आलेखाबद्दलची. एखाद्या महिन्यात चढ दिसलाच नाही, तर त्या महिन्यात बीजविमोचन झाले नसण्याचा संभव असतो. पीसीओएस असणाऱ्या स्त्रिया, नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुली, बाळाला अंगावर पाजणाऱ्या माता व रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्रिया यांच्यात असे महिने पुष्कळदा येतात. परंतु सपाट आलेख हा त्याचा पुरावा नव्हे. ज्यांचा चढच एका ठोक्याचा आहे त्यांचा चढ चार जागरणांत बुडून जातो. खात्री हवी असल्यास डॉक्टर प्रोजेस्टेरोनची रक्तचाचणी किंवा सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहण्याचा सल्ला देतात. ही रक्तचाचणी 'एकविसाव्या दिवशी' करण्याचा प्रघात २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. ती पुढील पाळीपूर्वी सुमारे सात दिवस व्हावयास हवी. ३५ दिवसांचे चक्र असणाऱ्या स्त्रीने एकविसाव्या दिवशी रक्त दिल्यास अहवाल कमी येणारच, आणि नसलेल्या दोषाचा उपचार सुरू होण्याचा धोका उभा राहील. आपल्या चक्राचे दिवस डॉक्टरांना आधी सांगणे याकरिता अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट व्यायामाची. उत्तरार्धात नाडी चढली म्हणजे व्यायाम बंद ठेवावा असा नियम नाही. थकवा, झोप आणि अंगात जाणवणारी शक्ती यांवरून ठरवावे. नाडीच्या ठरावीक पट्ट्यात धावणाऱ्यांनी मात्र तोच वेग उत्तरार्धात दोन-तीन ठोके अधिक मागेल हे गृहीत धरावे.

गोळ्या, तांबी आणि इतर औषधे

दोन संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना बीजविमोचन थांबलेले असते. त्यामुळे महिन्याचा स्वाभाविक चढ जवळजवळ नाहीसा होतो, आणि गोळ्या थांबलेल्या आठवड्यात येणारा स्राव ही खरी पाळी नव्हे. अशा आलेखात बीजविमोचन शोधू नये. तांबीमध्ये, म्हणजे कॉपर-टीमध्ये, संप्रेरक नसते. तेथे चढ पूर्वीसारखाच दिसतो. संप्रेरक असलेले गर्भाशयातील साधन वापरणाऱ्या पुष्कळ स्त्रियांचे बीजविमोचन होतच राहते. पाळी अगदी अल्प किंवा बंद झाली तरी आलेखात चढउतार दिसू शकतो. प्रोप्रानोलॉलसारखी हृदयगती मंदावणारी औषधे आणि थायरॉइडच्या गोळ्या नाडीची मूळ पातळीच बदलतात. औषध सुरू केल्याची किंवा मात्रा बदलल्याची तारीख वहीत लिहून तेथून नवा हिशेब मांडावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

आलेखाचा आकार नेहमीचा असेल तर नाडी चढली एवढ्या सबबीवर कोणाकडे जाण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी मात्र पाळीच्या माथी मारू नयेत:

- पूर्वार्धातील, म्हणजे खालची, पातळीच महिन्यागणिक वाढत आहे. पाळीचा चढ खालून वर जातो व पुन्हा खाली येतो. तळच उचलला गेला असेल तर कारण दुसरे आहे. आपल्याकडे प्रथम संशय पंडुरोगाचा घ्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टी.एस.एच. या तीन तपासण्यांबद्दल विचारावे.
- पाळीत तासातासाला पॅड बदलावे लागते, मोठ्या गाठी पडतात, जिना चढताना धाप लागते.
- विश्रांतीतही नाडी शंभराच्या वर राहते, किंवा धडधडीबरोबर भोवळ येते, छातीत दुखते, शुद्ध हरपते. येथे आलेख पाहत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.
- चक्र वारंवार २१ दिवसांहून आखूड किंवा ३५ दिवसांहून लांब आहे, किंवा तीन महिने पाळी आलेली नाही.
- चढ १८ दिवसांहून अधिक टिकला असून पाळी नाही. येथे गर्भधारणेची चाचणी करावी. दिवस राहिल्यास पीतपिंड आटत नाही व नाडी खाली येत नाही.

तपासणीस जाताना घड्याळातील 'गुण' किंवा रंगीत वर्तुळे न दाखवता तीन महिन्यांचा तक्ता न्यावा: पाळीच्या तारखा, दोन सरासऱ्या, चढाची खूण आणि शेरे. तेवढा एक कागद पाहून डॉक्टरांना जे कळेल ते घड्याळाच्या पडद्यावरून कळणार नाही.

नोंदींवर हक्क कोणाचा

पाळीच्या तारखा, नाडी आणि झोप एकत्र आल्या म्हणजे दिवस राहिले, गर्भपात झाला, पाळी बंद होत आली, या गोष्टी परक्याला ताडता येतात. अमेरिकेत २०२१ साली फ्लो या पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपच्या कंपनीवर वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती परक्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला व तडजोडीअंती कंपनीला अटी मान्य कराव्या लागल्या. आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली मंजूर झाला असून त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने होत आहे. आपल्याविषयी कोणती माहिती ठेवली आहे हे विचारणे, ती दुरुस्त करवून घेणे, पुसवून घेणे आणि दिलेली संमती परत घेणे, हे हक्क त्यात मान्य केले आहेत.

व्यवहारात एवढे करावे. फोनच्या आरोग्यविषयक परवानग्यांत नाडी, झोप आणि पाळी यांची बटणे स्वतंत्र असतात. नाडी मोजणाऱ्या प्रत्येक ॲपला पाळीच्या तारखा देण्याची गरज नाही. कचेरीच्या किंवा विमा कंपनीच्या आरोग्ययोजनेत घड्याळ जोडण्याचा आग्रह झाल्यास संमतिपत्रातील मजकूर वाचून पाळीची मुभा बंद ठेवावी. एखादे ॲप सोडावयाचे ठरल्यास ते फोनवरून नुसते काढून टाकल्याने कंपनीच्या दप्तरातील नोंदी जात नाहीत. प्रथम आपल्या नोंदी उतरवून घ्याव्यात, मग खाते व माहिती पुसण्याची मागणी लेखी करावी, आणि आलेल्या उत्तराची प्रत जपून ठेवावी.